टाकीच्या भिंतीवरचा तपकिरी डाग

डाग फार तर दोन तळहातांएवढा होता. टाकीचा बाकी करडा रंग धड होता. प्लिंथवर उभं राहून हात वर केला की बोटं पोचतील अशा उंचीवर मात्र तो तपकिरी पडून भाजलेल्या पापडासारखा फुगला होता. औष्णिक केंद्रातल्या २१० मेगावॅटच्या संचाचा हा ट्रान्सफॉर्मर. जनित्राची वीज १५.७५ किलोव्होल्टला घ्यायची आणि २२० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर चढवून द्यायची, हे त्याचं काम. क्षमता २५० एमव्हीए.

"साहेब, उन्हानं उडाला असेल रंग," पाळीवरचा तंत्रज्ञ म्हणाला. तर्क वाईट नव्हता, पण ती भिंत उत्तरेकडची होती. तिच्यावर ऊन पडतच नव्हतं.

संध्याकाळी संच पूर्ण भारावर आल्यावर आम्ही थर्मोव्हिजन कॅमेरा लावला. आतल्या तेलाचं तापमान ७५ अंश सेल्सिअस होतं. शेजारची भिंत ७० अंशांवर होती, म्हणजे जिथे असायला हवी तिथेच. डागाच्या मध्यावर मात्र कॅमेरा १२५ दाखवत होता. या पत्र्याच्या आत तेल आहे, बाहेर हवा आहे, त्याला कुठलीही तार जोडलेली नाही आणि त्यातून कुणी वीज सोडलेली नाही. मग तो शेजाऱ्यापेक्षा ५५ अंशांनी जास्त का तापावा?

उत्तर ट्रान्सफॉर्मरच्या पोटात आहे. आत लोखंडी पत्र्यांचा गाभा असतो आणि त्याच्या प्रत्येक खांबावर तांब्याच्या दोन गुंडाळ्या, एकीच्या बाहेर दुसरी अशा बसवलेल्या असतात. आतली कमी व्होल्टची, बाहेरची जास्त व्होल्टची. शाळेत आपण शिकलो ते असं की एका गुंडाळीनं तयार केलेलं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे फ्लक्स, गाभ्यातून फिरतो आणि दुसऱ्या गुंडाळीत व्होल्टेज निर्माण करतो. ते खरंच आहे. पण ट्रान्सफॉर्मरवर भार आला की दोन्ही गुंडाळ्यांतून प्रचंड करंट वाहू लागतो, आणि हे दोन करंट एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं फिरतात. गाभ्यापुरता त्यांचा जोर एकमेकांना खोडून काढतो. दोन गुंडाळ्यांच्या मधल्या फटीत मात्र तो खोडला जात नाही, तिथे दोघींचा जोर एकाच दिशेला लागतो. त्या फटीतून वर उसळणारा फ्लक्स हाच गळतीचा फ्लक्स.

गळती म्हटलं की कुणाचा तरी निष्काळजीपणा वाटतो. इथे तसं नाही. ही गळती मुद्दाम ठेवलेली असते. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर इम्पीडन्सचा टक्का कोरलेला असतो आणि तो जवळजवळ या गळतीचंच माप असतो. १४ टक्के लिहिलं असेल तर त्याचा ढोबळ अर्थ असा की पूर्ण भाराला गुंडाळीशी जोडलेल्या मुख्य फ्लक्सच्या सुमारे १४ टक्के इतका गळतीचा फ्लक्स असतो. हा टक्का फार कमी ठेवला तर बाहेर शॉर्टसर्किट झालं की करंट बेफाम वाढतो आणि गुंडाळ्याच चेंबतात. म्हणून गळती हवीच असते. प्रश्न तिच्या परतीच्या वाटेचा असतो.

फ्लक्सची वाट बंद वळशाचीच असते. फटीतून गुंडाळीच्या वरच्या टोकाला बाहेर पडलेला फ्लक्स कुठून तरी फिरून खालच्या टोकाला परत यायलाच हवा. आतल्या बाजूला गाभा आहे, काही भाग तिकडे वळतो. बाहेरच्या बाजूला तेल आणि त्यापलीकडे टाकीची भिंत. लोखंड फ्लक्सला तेलापेक्षा शेकडो पटींनी सोपं वाटतं, त्यामुळे उरलेला भाग भिंतीकडे झेपावतो, तिच्यात शिरतो, तिच्यातून उभा खाली उतरतो आणि खालच्या टोकाशी पुन्हा गुंडाळीकडे वळतो. पाटाचं पाणी बांधातून पाझरतं तेव्हा ते शेजारच्या शेतात नेमकं सखल जागी जमतं, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथलं पाणी सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं, आणि सगळा उपद्रव त्या उलटसुलट होण्यातच आहे.

बदलता फ्लक्स ज्या धातूतून जातो त्या धातूत तो करंटचे भोवरे उठवतो. इंजिनिअर त्यांना एडी करंट म्हणतात. हे भोवरे कुणाच्याच कामाचे नसतात, ते धातूचा रोध सोसत फिरतात आणि उष्णता होऊन संपतात. शिवाय ते स्वतःचं उलट चुंबकीय क्षेत्र तयार करून बाहेरच्या फ्लक्सला आत खोल शिरू देत नाहीत. त्यामुळे साध्या पोलादात ५० हर्ट्झचा फ्लक्स साधारण १ मिलिमीटरपर्यंतच मुरतो. भिंत दहा मिलिमीटर जाड असली तरी सगळं नाटक तिच्या आतल्या कातडीवर चालतं.

आता त्या कातडीवर किती गर्दी होते ते आकड्यांत पाहू. २५० एमव्हीएच्या या जातीच्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा साधारण मीटरभर व्यासाचा धरला तर त्यातला मुख्य फ्लक्स सुमारे १.२ वेबर भरतो. त्याचे १४ टक्के म्हणजे ०.१७ वेबर. त्यातला चाळीस टक्के भाग भिंतीकडे गेला असं समजू, म्हणजे ०.०७ वेबर. एका फेजच्या भोवतालच्या साडेसहा मीटर घेरावर तो वाटला तर मीटरभर रुंदीला जेमतेम ०.०१ वेबर येतो. आकडा किरकोळ दिसतो. पण एवढा फ्लक्स १ मिलिमीटरच्या कातडीतून न्यायचा म्हटला तर तिथली घनता १० टेस्ला व्हायला हवी, आणि पोलाद २ टेस्लाच्या आसपासच तुडुंब भरतं. मग फ्लक्स खालच्या थरांत ढकलला जातो, पाच-सहा मिलिमीटर खोल घुसतो आणि जाईल तिथे भोवरे घेऊन जातो. भिंतीतला तोटा वाढतो तो असा. माझे गुंडाळीचे आणि घेराचे आकडे ढोबळ आहेत. डिझाइन ऑफिसात हेच गणित संगणकावर, टाकीचा कोपरान्‌कोपरा लक्षात घेऊन करतात. पण उत्तराचा बाज बदलत नाही.

गावातल्या डीपीला ही कटकट नसते. शंभर केव्हीएच्या डीपीत करंट आणि वेटोळी यांचा गुणाकारच इतका लहान असतो की भिंतीपर्यंत पोचणारा फ्लक्स नगण्य राहतो. क्षमता वाढत जाते तशी गळती भिंतीच्या सोसण्यापेक्षा जास्त वेगानं वाढते, आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हा तोटा आवरला नाही तर गुंडाळ्यांतल्या भोवऱ्यांसकट तो भाराच्या एकूण तोट्याच्या पाचव्या हिश्शाच्याही वर जाऊ शकतो.

पण तोटा ही वेगळी गोष्ट आणि डाग ही वेगळी. जनित्राचा ट्रान्सफॉर्मर वर्षभर भारावर राहिला तर भिंतीतले १० किलोवॅट म्हणजे ८७,६०० युनिट. वीज कंपनीच्या हिशेबनिसाला ते खुपतात. ट्रान्सफॉर्मरला मात्र ते खुपत नाहीत. तीच उष्णता सगळ्या भिंतीवर सारखी पसरली असती तर कूलिंगचे पंखे तिचा सहज निकाल लावतात. जीव जातो तो ती एका जागी गोळा झाली की.

ती पसरत का नाही? भिंतीच्या आतल्या बाजूनं तेल उष्णता उचलतं, बाहेरून हवा. ढोबळमानानं तेल दर चौरस मीटरला, दर अंशाला ७० वॅट नेतं आणि हवा १२. या दोघांच्या मानानं दहा मिलिमीटर जाड पोलादातून उष्णता बाजूला सरकायची वाट फार अरुंद आहे. गणित केलं तर निघतं की पत्र्यात तयार झालेली उष्णता बाजूला सात-आठ सेंटिमीटर सरकते न सरकते तोच तेल आणि हवा तिला उचलून नेतात. म्हणजे एखाद्या ठिकाणी फ्लक्स दाटला तर त्याचा भाजका ठसा तिथेच उमटतो, वीतभर पलीकडच्या पत्र्याला पत्ताही लागत नाही. दोन तळहातांएवढा डाग आणि शेजारी निवांत ७० अंश, हे चित्र त्यामुळेच.

याच आकड्यांवरून डागाखाली किती वीज जळत होती तेही सांगता येतं. तेल आणि हवा मिळून दर अंशाला ८२ वॅट नेत असतील आणि डाग ५५ अंशांनी वर असेल, तर तिथे चौरस मीटरला साडेचार किलोवॅट तयार होत होते. डाग चौरस मीटरचा थोडाच होता. त्याच्या आकाराला सव्वाशे-दीडशे वॅट पुरेत. जुन्या पद्धतीच्या एका पिवळ्या बल्बाएवढी वीज. ज्या यंत्रातून दोनशे मेगावॅट जातात त्याच्या तोट्याच्या मोजणीत ही वीज कधीही दिसणार नाही.

मग हे गळतीच्या फ्लक्सचंच काम आहे याची खात्री कशी करायची? आमच्या कामी आला सूर्य, पण तंत्रज्ञ म्हणत होता त्या मार्गानं नव्हे. हल्ली दुपारी सौरवीज भरपूर येते म्हणून औष्णिक संचांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणतात, आणि संध्याकाळी पुन्हा पूर्ण भार देतात. गळतीचा फ्लक्स करंटच्या प्रमाणात असतो आणि तोटा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. ५५ टक्के भाराला तोटा तीस टक्क्यांवर यायला हवा, म्हणजे डाग आणि शेजारची भिंत यांतला फरक ५५ अंशांवरून साधारण १७ वर. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅमेऱ्यानं १८ दाखवला. दोष गाभ्यात असता तर असं झालं नसतं. गाभ्यातला मुख्य फ्लक्स व्होल्टेजवर ठरतो, त्याला दुपार-संध्याकाळ सारखीच.

तेलाचा नमुना आधीच प्रयोगशाळेत गेला होता. तेल तापलं की त्याचे रेणू तुटतात आणि किती तापलं त्यानुसार वेगवेगळे वायू निघतात. ते तेलातच विरघळून राहतात आणि डीजीए नावाच्या चाचणीत मोजता येतात. आमच्या नमुन्यात हायड्रोजन, मिथेन आणि इथेन थोडे वर सरकलेले होते. इथिलीन फारच थोडा, ॲसिटिलीन नाहीच. इथिलीन भरभरून दिसला असता तर कुठेतरी ३०० अंशांच्या बऱ्याच वर काहीतरी गेलंय असं म्हणावं लागलं असतं. ॲसिटिलीन म्हणजे ठिणगी. कागद जळाल्यावर निघणारे कार्बनचे ऑक्साइडही नेहमीच्या पातळीवर होते. थोडक्यात, आत काही पेटत नव्हतं, नुसतं लोखंड तापत होतं.

मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये फ्लक्सनं भिंतीवर जाऊ नये यासाठी आधीच व्यवस्था केलेली असते. तिचं नाव मॅग्नेटिक शंट. गाभ्याला जे सिलिकॉन पोलादाचे पत्रे वापरतात, तेच ०.२३ किंवा ०.२७ मिलिमीटर जाडीचे, दोन्ही बाजूंना विद्युतरोधक लेप असलेले, त्यांच्या उभ्या पट्ट्या कापायच्या, त्यांचे जुडगे बांधायचे आणि टाकीच्या भिंतीला आतून एकाशेजारी एक टांगायचे. हे पत्रे लाटताना त्यांचे कण एका दिशेला ओळीनं लावलेले असतात आणि त्या दिशेनं फ्लक्स त्यांच्यातून विलक्षण सहज जातो. म्हणून पट्टी कापताना ती दिशा उभी ठेवतात. भिंतीकडे निघालेल्या फ्लक्सला भिंतीच्या अलीकडेच जास्त सोपी वाट मिळते. तो शंटमध्ये वर शिरतो, खाली उतरतो आणि भिंतीला न शिवता परत फिरतो.

इथे कुणी विचारेल की भिंतच जास्त जाड का करत नाही? पोलाद तर तेही आहे. पण आपण आत्ताच पाहिलं, फ्लक्स कातडीतच अडकतो, जाडी वाढवून उपयोग नाही. शंटमधली खरी युक्ती पत्र्यांच्या पातळपणात आहे. भोवऱ्याला फिरायला जागा लागते. पाव मिलिमीटरच्या पत्र्यात, दोन्हीकडे लेपाचं कुंपण असताना, त्याला वळायलाच जागा मिळत नाही. अशा पातळ पत्र्याची जाडी निम्मी केली की दर किलोमागे भोवऱ्यांचा तोटा चौथ्या हिश्शावर येतो. त्यामुळे शंट पूर्ण जाडीभर फ्लक्स वाहून नेतो आणि स्वतः फारसा तापत नाही.

जाडी किती हवी हेही मघाच्या आकड्यावरून निघतं. मीटरला ०.०१ वेबर, आणि पत्रे दीड टेस्लापर्यंतच भरायचे असं ठरवलं, तर सलग भिंतभर सात मिलिमीटर. पण जुडग्यांच्या मध्ये फटी राहतात, भिंतीचा सत्तर टक्केच भाग झाकला जातो, म्हणून दहा मिलिमीटर. ०.२७ चे पत्रे असतील तर ३५-४० पत्र्यांचा गठ्ठा. दीडच टेस्ला का, दोन का नाही? कारण ट्रान्सफॉर्मरवर कधी जादा भार येतो. १३० टक्के भाराला दीडचे १.९५ होतात, पत्रे काठोकाठ भरतात आणि त्यापुढचा फ्लक्स थेट भिंतीवर सांडू लागतो. शंटचा हा स्वभाव लक्षात ठेवायला हवा. भरेपर्यंत तो उत्तम काम करतो, आणि भरल्यावर जवळजवळ नसल्यासारखाच.

पत्रे कसे उभे करायचे याबद्दल कारखान्यांत दोन पंथ आहेत. भिंतीला समांतर, वहीच्या पानांसारखे चिकटवले तर बसवायला सोपे. पण गुंडाळीकडून येणारा फ्लक्स पत्र्याच्या सपाट अंगावर आदळतो, आणि सपाट अंगात भोवऱ्याला ऐसपैस जागा असते. लेपाचं कुंपण तिथे कामाचं नाही. त्यामुळे वरचे दोन-चार पत्रे तापतात. पत्रे भिंतीवर काटकोनात, कपाटात पुस्तकं लावल्यासारखे उभे केले तर फ्लक्स कडेतून शिरतो आणि भोवरा उठतच नाही. तोटा कमी, पण बांधणी किचकट आणि खर्चिक. सपाट पंथाचे लोक पट्ट्या अरुंद ठेवून आपलं काम भागवतात. मला स्वतःला काटकोनातली मांडणी आवडते, पण निविदेचे पैसे मी देत नसतो.

तिसरा एक उपाय वेगळ्याच विचाराचा आहे. भिंतीला आतून ॲल्युमिनियम किंवा तांब्याचा जाड पत्रा लावायचा. तो फ्लक्सला वाट देत नाही, आपल्यातल्या भोवऱ्यांच्या जोरावर त्याला परतवून लावतो. ॲल्युमिनियमचा रोध कमी, म्हणून त्यातले भोवरे जोरकस असूनही उष्णता कमी. मात्र ५० हर्ट्झला फ्लक्स ॲल्युमिनियममध्ये बारा मिलिमीटर मुरतो, त्यामुळे पत्रा तेवढा तरी जाड हवा, आणि परतवलेला फ्लक्स पत्र्याच्या कडांवरून वळून मागे घुसायला बघतो. कडेची जागा तापते. पोलादाच्या भिंतीवर, गुंडाळ्यांसमोर, शंटच बरा. हजारो अँपिअर नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या जिथे भिंतीला खेटून जातात तिथे तांब्या-ॲल्युमिनियमचा पत्रा शोभतो.

भिंतीपेक्षा जास्त छळवादी जागा आतच आहेत. गाभ्याचे पत्रे दाबून धरायला वर-खाली पोलादाचे जाड क्लॅम्प असतात आणि खांबाच्या अंगाला उभ्या पट्ट्या, ज्यांना शॉपवर फ्लिच प्लेट म्हणतात. ही प्लेट गुंडाळीच्या पोटाशी, गाभ्याला चिकटून असते. आकारानं लहान, त्यामुळे तिच्यातला एकूण तोटा नगण्य, पण तिला तेल धड शिवत नाही. थोड्याशा तोट्यानं ती भलतीच तापू शकते. क्लॅम्पची गोष्ट अशी की गुंडाळीच्या टोकातून बाहेर पडणारा फ्लक्स पहिल्यांदा त्याच्याच कडेवर आदळतो. कागदाला टेकलेल्या धातूचं तापमान नेहमीच्या भाराला १२० अंशांच्या वर जाऊ नये आणि नुसत्या तेलातल्या धातूचं १४० च्या, असं आंतरराष्ट्रीय लोडिंग गाइड सांगतं. फ्लिच प्लेट आणि क्लॅम्प कागदाच्या सहवासात असतात, म्हणजे त्यांना ढील कमी.

मुंबईच्या आयआयटीतल्या एस. व्ही. कुलकर्णी आणि एस. ए. खापर्डे यांनी ट्रान्सफॉर्मरच्या डिझाइनवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात या भटक्या तोट्यांना स्वतंत्र प्रकरण आहे. या विषयात हात घालणाऱ्या कुणालाही ते वाचल्याशिवाय सुटका नाही. उपाय थोडक्यात असे. क्लॅम्पच्या कडेवर, गुंडाळीच्या टोकासमोर शंटचे जुडगे बसवले तर बाहेर पडणारा फ्लक्स सरळ वर खेचला जातो, आणि शेवटच्या वेटोळ्यांवर तिरका आदळून त्यांच्यातही भोवरे उठवतो तेही कमी होतं. फ्लिच प्लेट चुंबकत्व नसलेल्या स्टेनलेस स्टीलची करतात. या धातूत ५० हर्ट्झचा फ्लक्स साठेक मिलिमीटर मुरतो, म्हणजे पातळ प्लेटमधून तो आरपार निघून जातो, आणि रोध जास्त असल्यानं भोवरे मरगळलेले राहतात. वर प्लेटच्या टोकांना उभ्या खाचा पाडतात. खाच पाडून रुंदी निम्मी केली की अशा प्लेटमधल्या भोवऱ्यांचा तोटा साधारण चौथ्या हिश्शावर येतो.

या आतल्या जागांना कॅमेरा पाहू शकत नाही. तिथे तेलातला वायू हाच साक्षीदार, आणि तो भाराबरोबर वाढतो का हे पाहायला महिनोन्‌महिने नमुने घ्यावे लागतात. कारखान्यातून निघताना तापमानवाढीच्या चाचणीआधी आणि नंतर तेलाचा नमुना घेऊन वायूंची तुलना करतात ती त्यासाठीच. चाचणीत मिळालेल्या सरासरी तापमानातून असा स्थानिक चटका कधीच सापडत नाही.

शंट बसवले म्हणजे झालं असंही नाही. प्रत्येक जुडगा टाकीशी अर्थिंगनं जोडलेला हवा, आणि एकाच जागी. जोडायचा राहिला तर तो अधांतरी व्होल्टेज धरतो आणि बारीक ठिणग्या उडतात, तेलात ॲसिटिलीन दिसू लागतो. दोन जागी जोडला तर स्वतःच एक वळसा तयार होऊन त्यातून करंट वाहतो. सैल बांधला तर सेकंदाला शंभर वेळा थरथरतो, आणि यार्डात उभं राहिल्यावर गुणगुण ऐकू येते.

आमच्या टाकीत चूक त्याहून साधी होती. यंत्र चालू ठेवणं भाग होतं, म्हणून दर महिन्याला तेलाचा नमुना आणि संध्याकाळी कॅमेरा, असं चाललं. दीड वर्षानं ठरलेल्या ओव्हरहॉलला ट्रान्सफॉर्मर कारखान्यात गेला आणि गाभा-गुंडाळी उचलून बाहेर काढल्यावर आतली भिंत पाहायला मिळाली. डागाच्या बरोबर शेजारी, मधल्या उंचीवर, तपासणीचं झाकण होतं. झाकणाच्या फ्लॅन्जला अडथळा नको म्हणून शंटची रांग दोन्ही बाजूंना सुमारे वीस सेंटिमीटर अलीकडेच थांबवलेली. उभ्या भिंतीत फ्लक्सची सगळ्यात जास्त गर्दी नेमकी मधल्या उंचीवर असते, कारण वरून शिरलेला सगळा फ्लक्स तिथपर्यंत जमत आलेला असतो आणि बाहेर पडायला अजून सुरुवात झालेली नसते. त्या गर्दीच्या जागी वाटच तोडलेली होती. आजूबाजूचा फ्लक्स उघड्या पत्र्यात शिरत होता आणि फ्लॅन्जच्या कडेला दाटत होता.

टाकी रिकामी होती म्हणून वेल्डिंगची अडचण नव्हती. दोन्ही बाजूंचे जुडगे फ्लॅन्जच्या काठापर्यंत नेले, झाकणाच्या आतल्या अंगाला आडोशासारखा एक छोटा जुडगा बसवला, प्रत्येकाला अर्थिंगची एकेक पट्टी दिली आणि मेगरनं तपासून पाहिलं. ट्रान्सफॉर्मर परत आल्यावर पूर्ण भाराला त्या जागेचा शेजारच्या भिंतीशी फरक सात अंश निघाला.

नवा रंग देण्याआधी कारखान्यातला कारागीर पत्र्याच्या ब्रशनं तो डाग खरवडत होता. वरचा तपकिरी पापुद्रा निघाला, खाली करडा रंग लागला, तो खरवडला तर खाली पुन्हा तपकिरी. त्याच्याही खाली आणखी एक करडा थर होता, आणि तोही भाजलेला.